पाटी नाही, पण दार उघडं

यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना बहुतेकांची शक्ती शीर्षक, वर्णन आणि वरचं चित्र यांतच संपते. मग शेवटच्या पानावर एक प्रश्न येतो, आणि तोवर माणूस इतका कंटाळलेला असतो की जे दिसेल त्यावर बोट ठेवून मोकळा होतो. प्रश्न साधा असतो: हा व्हिडिओ कुणी पाहायचा? उत्तरादाखल प्रायव्हेट, अनलिस्टेड आणि पब्लिक असे तीन गोल दिसतात, आणि त्यांच्या खाली शेड्यूलचा वेगळा रकाना. शेड्यूल हा चौथा दर्जा नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेड्यूल केलेला व्हिडिओ ठरलेल्या मिनिटापर्यंत प्रायव्हेट असतो आणि त्या मिनिटाला पब्लिक होतो. म्हणजे तो दोन पर्यायांना जोडणारा एक गजर आहे, आणि या गजराच्या काही खोडी आहेत. त्यांच्याकडे नंतर येऊ.

प्रायव्हेट आणि पब्लिक यांचा अर्थ बहुतेकांना बरोबर लागतो. घोळ होतो तो मधल्या अनलिस्टेडचा. 'आपल्याच लोकांपुरता' अशा समजुतीने लोक तो निवडतात, आणि तो तसा नसतो. अनलिस्टेड म्हणजे पाटी न लावलेलं घर. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते कुणाचं हे कळणार नाही, पण पत्ता ठाऊक असलेला कुणीही आत येऊ शकतो, कारण दाराला कडी नाही. यूट्यूबच्या शोधात हा व्हिडिओ येत नाही, चॅनेलच्या यादीत दिसत नाही, सबस्क्रायबरना त्याची वर्दी जात नाही. मात्र लिंक हाती असली की झालं. पाहायला गूगलचं खातं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, आणि तीच लिंक पुढे पाठवायलाही कुणाला विचारावं लागत नाही.

हे एका उदाहरणाने नीट पाहू. समजा, डोंबिवलीत गाण्याचा एक क्लास आहे. बाई शास्त्रीय आणि नाट्यसंगीत शिकवतात. चोवीस विद्यार्थी, त्यातले निम्मे शाळकरी. शिवाय लग्न होऊन न्यू जर्सीला गेलेली एक जुनी विद्यार्थिनी शनिवारी फोनवर शिकते. क्लास मनातला आहे, पण असे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या अडचणी सारख्याच आहेत. बाईंच्या चॅनेलवर तीन प्रकारचे व्हिडिओ येतात: घरी रियाज करायला दिलेले धडे, परीक्षेला बसलेल्या मुलांची तयारी, आणि वर्षातून एकदा होणारी दिवाळी पहाट.

धड्यांपासून सुरुवात करू. भूपातले अलंकार बाईंनी स्वतः म्हणून दाखवलेत, बारा मिनिटांचा व्हिडिओ आहे. तो चोवीस घरांत पोचायला हवा, पण साऱ्या जगापुढे मांडण्याइतका तो सजवलेला नाही. मध्येच कुकरची शिट्टी आहे, आणि तिसऱ्या अलंकारात बाई थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. इथे अनलिस्टेड चपखल बसतं. लिंक क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की काम झालं. आजी लावून देऊ शकते, बाबांच्या फोनवर चालतो, टीव्हीवरही लागतो. खाली प्रतिक्रिया लिहिता येते, त्यामुळे 'बाई, चौथा अलंकार दुगुनीत कसा म्हणायचा?' हा प्रश्न तिथेच विचारता येतो. आणि समजा हा धडा क्लासबाहेर गेला, तर काय होईल? भाईंदरच्या एखाद्या मुलीला फुकटात भूप शिकायला मिळेल. बाईंचं काही बिघडणार नाही.

अनलिस्टेड निवडताना स्वतःला विचारायचा प्रश्न माझ्या मते हाच आहे: ही लिंक अनोळखी माणसाच्या हाती पडली तर चालेल का? चालणार असेल तर अनलिस्टेड. नुसतं 'पडणार नाही' असं वाटत असेल, तर तो पर्याय नको. कारण लिंक फुटते ती बहुतेक वेळा कुणाच्या वाईट हेतूने फुटत नाही. कुणीतरी मावशी कौतुकाने ती तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकते. दुसरी वाट अधिक छुपी आहे. एखादा पालक सोयीसाठी 'भूप' नावाची प्लेलिस्ट करतो आणि बाईंचे धडे तीत साठवतो. प्लेलिस्टलाही तिची स्वतःची गोपनीयता असते, आणि ती जर पब्लिक असेल, तर तीत बसलेला अनलिस्टेड व्हिडिओ यूट्यूबच्या शोधातही येऊ शकतो. यूट्यूबनेच आपल्या मदतपानावर हा अपवाद सांगून ठेवला आहे. बाईंनी काहीही केलेलं नसतं, त्यांच्या पडद्यावर 'अनलिस्टेड' असंच लिहिलेलं असतं, आणि तरी व्हिडिओ चव्हाट्यावर आलेला असतो. बाईंनी स्वतः केलेल्या प्लेलिस्टचंही हेच. धडे अनलिस्टेड आणि त्यांची प्लेलिस्ट पब्लिक, असा प्रकार बऱ्याच चॅनेलांवर सापडतो.

हे कळायचं कसं? यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचं ॲनालिटिक्स उघडायचं. क्लास चोवीस जणांचा आहे. एकेकाने आठवड्यात पाच-सात वेळा पाहिला तरी आकडा दीडशेच्या आसपास राहील. तो सातशेवर गेला असेल तर पाहणारे बाहेरचे आहेत. मग रीच या भागात प्रेक्षक कुठून आले ते पाहायचं. एक्सटर्नलमध्ये व्हॉट्सॲप दिसलं तर ते अपेक्षितच आहे, पण प्लेलिस्ट किंवा एखादी अनोळखी वेबसाइट पुढे आली की समजायचं, आपला धडा दुसऱ्याच कुणाच्या कपाटात जाऊन बसलाय.

समजल्यावर उपाय एकच. व्हिडिओ प्रायव्हेट करायचा. त्या क्षणी जगभर पसरलेल्या सगळ्या लिंका एकदम मुक्या होतात. पण पुन्हा अनलिस्टेड केला की त्याच जुन्या लिंका पुन्हा बोलू लागतात, कारण व्हिडिओची लिंक बदलता येत नाही. पत्त्यात `watch?v=` नंतर येणारी अकरा अक्षरं त्या व्हिडिओला जन्मभराची चिकटलेली असतात. नवी लिंक हवी असेल तर व्हिडिओ नव्याने चढवावा लागतो, आणि जुन्यावरची पाहणाऱ्यांची संख्या व प्रतिक्रिया त्यात येत नाहीत. दरम्यान कुणी डाउनलोड करून ठेवला असेल, तर त्याला कुठलाच उपाय नाही.

ही अकरा अक्षरं अंदाजाने ओळखता येतील का, असा प्रश्न काही जणांना पडतो. मोठी व छोटी इंग्रजी अक्षरं, दहा अंक आणि दोन चिन्हं मिळून एका जागेसाठी चौसष्ट शक्यता होतात, आणि अशा जागा अकरा. ठोकताळ्याने कुणी बाईंच्या भूपापर्यंत पोचणार नाही. तरीही यूट्यूबला या लिंकांची काळजी वाटली होती. अनलिस्टेड लिंका शोधून काढणं आणखी कठीण व्हावं म्हणून 2017 साली त्यांनी लिंक तयार करण्याच्या पद्धतीत बदल केला. नवे व्हिडिओ त्यामुळे सुरक्षित झाले, जुने मात्र जुन्याच लिंकांवर राहिले. मग 2021 मध्ये त्यांनी जाहीर केलं की 1 जानेवारी 2017 पूर्वी चढवलेले सगळे अनलिस्टेड व्हिडिओ 23 जुलैपासून आपोआप प्रायव्हेट होतील. ज्यांना तसं नको होतं त्यांना आधी अर्ज भरून नकार कळवण्याची सोय होती. पण कित्येक चॅनेलांना वाली उरलेला नव्हता. कुणी पासवर्ड विसरलेलं, कुणी हे जग सोडून गेलेलं, कुठे चॅनेल चालवणारी संस्थाच बंद पडलेली. असे व्हिडिओ जिथे जिथे वेबसाइटवर लावलेले होते, तिथे एका दिवसात काळे चौकोन उरले.

मला यातून दिसतं ते असं, की अनलिस्टेड ही जपून ठेवण्याची जागाही नव्हे. एखादी दुर्मीळ मैफल किंवा गावातल्या वृद्ध कीर्तनकारांचं रेकॉर्डिंग 'राहू दे यूट्यूबवर अनलिस्टेड' म्हणून ठेवणाऱ्यांनी मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवलेली बरी.

आता परीक्षेच्या तयारीकडे वळू. प्रवेशिकेला बसलेली बारा वर्षांची एक मुलगी आहे. तिची आई रोज रात्री तिच्या रियाजाचा व्हिडिओ काढते आणि तो बाईंनी ऐकावा अशी तिची इच्छा असते. घरातला कोपरा दिसतो, भिंतीवरचं शाळेचं वेळापत्रक दिसतं, मुलगी चुकते, रडकुंडीला येते. हा व्हिडिओ अनोळखी माणसाच्या हाती पडला तर चालेल का? नाही. म्हणजे प्रायव्हेट.

प्रायव्हेटची पद्धत अशी. स्टुडिओत कंटेंटच्या यादीत व्हिडिओपुढे व्हिजिबिलिटीचा रकाना असतो. तिथे प्रायव्हेट निवडलं की 'शेअर प्रायव्हेटली' असं बटण दिसतं. त्यात बाईंचा इमेल पत्ता भरायचा आणि जतन करायचं. बाईंना इमेलने कळवायचं की नाही तेही तिथेच ठरवता येतं. आता हा व्हिडिओ फक्त आई आणि बाई यांनाच दिसेल. बाईंनी लिंक दुसऱ्याला पाठवली तरी त्याला 'हा व्हिडिओ प्रायव्हेट आहे' एवढंच दिसेल. इथे लिंकेला किंमत नाही, खात्याला आहे.

आणि नेमकी तिथेच गाडी अडते. बाईंचा फोन येतो, "अगं, तू पाठवलंस पण इथे काही दिसतच नाही. प्रायव्हेट आहे म्हणतोय."

"बाई, फोनमध्ये कुठलं खातं चालू आहे?"

"ते काय मला माहीत? आमच्या रोहनने घालून दिलंय."

रोहनने स्वतःचंच खातं घालून दिलेलं असतं. आईने पत्ता भरला तो बाईंचा, जो क्लासच्या पावतीवर छापलाय आणि दोन वर्षांत कुणी उघडलेला नाही. ज्या पत्त्यावर आमंत्रण आहे त्याच खात्याने यूट्यूब उघडलेलं असलं पाहिजे. यूट्यूबच्या वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवलं की कुठलं खातं चालू आहे ते दिसतं, आणि तिथूनच खातं बदलता येतं. प्रायव्हेट व्हिडिओ 'उघडत नाही' अशी तक्रार आली की आधी एवढं पाहावं. बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो.

प्रायव्हेटला दुसरी मर्यादा आहे ती प्रतिक्रियांची. त्याखाली कुणालाच काही लिहिता येत नाही, आमंत्रित असलेल्यालाही नाही. त्यामुळे 'दुसऱ्या मिनिटाला पंचम उतरतोय' हे बाईंना फोनवरच सांगावं लागतं. शिवाय पत्ते एकेक करून भरायचे असल्यामुळे दोघा-चौघांसाठी हे ठीक, चोवीस पालकांसाठी नाही. त्या चोवीसांत निम्म्यांची खाती कुणाकुणाच्या रोहनने घालून दिलेली असणार.

आणखी एक वाट लक्षात ठेवायला हवी. प्रायव्हेट व्हिडिओ आमंत्रितांबरोबरच त्या चॅनेलचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांनाही दिसतो. क्लासच्या चॅनेलला मागच्या वर्षी कुणा विद्यार्थ्याने मॅनेजर किंवा एडिटर म्हणून मदत केली असेल, तर स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये परमिशन्सच्या पानावर त्याचं नाव अजून असेल. पासवर्डच वाटून टाकला असेल, तर मग कुणाकुणाला काय दिसतं याचा हिशेबच उरत नाही. क्लासच्या जुन्या टीव्हीवर चॅनेलचं खातं चालू राहिलं असेल, तर प्रायव्हेट व्हिडिओ तिथेही उघडतो.

एक चाचणी घरच्या घरी करता येते. लिंक कॉपी करून ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडायची, म्हणजे जिथे आपलं खातं चालू नसतं तिथे. व्हिडिओ वाजला तर तो प्रायव्हेट नाही, मग पडद्यावर काहीही लिहिलेलं असो. मी तर म्हणेन, मुलांचा प्रत्येक व्हिडिओ पाठवण्याआधी हे करावं. यूट्यूबही 2021 पासून तेरा ते सतरा वयाच्या मुलांच्या स्वतःच्या खात्यावरून चढणारा व्हिडिओ मूळ निवडीतच सर्वांत बंदिस्त ठेवतं. पण आईच्या खात्यावरून चढणाऱ्या मुलीच्या व्हिडिओला ते लागू नाही. तिथे आईलाच लक्ष द्यावं लागतं. याच पानांवर 'हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का' असाही एक प्रश्न येतो. त्याला हो म्हटलं की व्हिडिओ लपतो, अशी काहींची समजूत असते. ती चूक आहे. तो प्रश्न प्रेक्षक कोण याबद्दलचा आहे. हो म्हटल्याने प्रतिक्रिया बंद होतात, पण पब्लिक व्हिडिओ पब्लिकच राहतो.

प्रायव्हेट ठेवलं म्हणजे नियमांतून सुटका झाली, असंही नाही. यूट्यूबची आशयाविषयीची नियमावली अनलिस्टेड आणि प्रायव्हेट व्हिडिओंनाही लागू असते. कॉपीराइटची तपासणीही होते. मागे एखाद्या कंपनीचं रेकॉर्डिंग वाजत असेल, तर एकट्या आईला दिसणाऱ्या व्हिडिओवरही दावा येऊ शकतो. गोष्ट जाचक वाटते, पण दिवाळी पहाटेच्या वेळी बाईंना तिचाच फायदा होणार आहे.

दिवाळी पहाटेचा कार्यक्रम खरं तर आठ दिवस आधी, एका शाळेच्या सभागृहात झाला. दोन तासांचं रेकॉर्डिंग आहे. ते नरकचतुर्दशीच्या पहाटे साडेपाचला यावं, अभ्यंगस्नान करून फराळाला बसलेल्या घरांत ते लागावं, अशी बाईंची हौस. इथे पब्लिक हवंच. क्लासचं नाव व्हावं, नवे विद्यार्थी यावेत, हा उद्देश आहे. मुलांच्या पालकांची संमती आधी घेतलेली आहे. प्रश्न फक्त कधी आणि कसं पब्लिक करायचं, हा आहे.

चढवता चढवताच पब्लिक करणं ही घाई महागात पडते. दोन तासांची फाइल पोचली की यूट्यूब तिच्या वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती बनवायला घेतं. आधी कमी दर्जाची प्रत तयार होते, एचडीची मागाहून. पब्लिक केल्या केल्या सबस्क्रायबरना वर्दी जाते, ते धावत येतात, आणि त्यांना धूसर चित्र दिसतं. बाईंची पैठणी आहे की सुती साडी हे कळत नाही. वर्दी एकदाच जाते. तासाभराने एचडी प्रत आली तरी तोवर आलेले लोक निघून गेलेले असतात. म्हणून आधी प्रायव्हेट चढवायचा, प्रती पूर्ण होऊ द्यायच्या, आणि कॉपीराइटची तपासणीही उरकून घ्यायची. समजा मध्यंतरात ध्वनियंत्रणेवाल्याने एका नामवंत गायकाची सीडी लावली होती आणि कॅमेरा चालूच राहिला होता, तर दावा तिथे येईल. तो पब्लिक होण्याआधी आला की तेवढा भाग कापून टाकता येतो. मुलींनी म्हटलेल्या 'सौभद्रा'तल्या पदांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही. किर्लोस्करांचं नाटक 1882 सालचं आहे, ते स्वतः 1885 मध्ये गेले, आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. पण त्याच पदांचं एखाद्या गायकाने अलीकडे केलेलं रेकॉर्डिंग ही वेगळी चीज आहे, आणि दावा येतो तो त्यावर.

हे सगळं झालं की शेड्यूल. तारीख, वेळ आणि वेळेचा विभाग निवडायचा. या तिसऱ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही, कारण डोंबिवलीत बसून बघायची गरजच पडत नाही. पण समजा बाई दिवाळीला लेकीकडे सिअ‍ॅटलला गेल्या आहेत, आणि तिथल्या संगणकावरून त्यांनी पहाटे साडेपाच भरले. विभाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला, तर इकडे व्हिडिओ उगवेल संध्याकाळी सहाला, किंवा तिकडे उन्हाळी वेळ संपलेली असेल तर सातला. दिवाळी पहाट दिवेलागणीला. उलट भारताचे साडेपाच बरोबर भरले तर न्यू जर्सीच्या विद्यार्थिनीकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ किंवा सात वाजलेले असतील. तिला पहाट मिळणार नाही, पण जेवणानंतर निवांत ऐकता येईल. बाईंनी निरोपात दोन्ही वेळा लिहिल्या तर ती गोंधळणार नाही.

शेड्यूलची दुसरी खोड निरोपातच दडलेली आहे. उत्साहाने बाई आदल्या रात्री लिंक ग्रुपवर टाकतात. चोवीस घरांतून लगेच फोन सुरू होतात, कारण ठरलेल्या वेळेपर्यंत तो व्हिडिओ प्रायव्हेटच आहे. लिंक आधी द्यायची असेल तर शेड्यूलच्या खाली 'प्रीमियर' म्हणून जी खूण असते ती करावी. प्रीमियर केलं की व्हिडिओचं पान लगेच सगळ्यांना दिसू लागतं, पण व्हिडिओ वेळेवरच सुरू होतो. आधी उलटी मोजणी चालते, बाजूला गप्पांची जागा असते, आणि सगळे एकाच वेळी तेच गाणं पाहतात. दिवाळी पहाटेला ही सोय शोभून दिसते. एरवी, म्हणजे पाककृती किंवा सहलीच्या व्हिडिओला, प्रीमियरचा सोपस्कार मला तरी अनाठायी वाटतो. भाकरी थापायला शिकायला आलेल्या माणसाला उलटी मोजणी कशाला दाखवायची?

गजर फक्त पब्लिकचाच लागतो, हेही ध्यानात ठेवावं. 'सोमवारी सकाळी सातला हा धडा आपोआप अनलिस्टेड होऊ दे' असं शेड्यूलमध्ये सांगता येत नाही. बाईंनी क्लासचे धडे महिनाभर आधी शेड्यूल करून ठेवले, तर दर सोमवारी कुकरच्या शिट्टीसकट एक धडा सार्वजनिक होईल. धडे हातानेच अनलिस्टेड करावे लागतात. आणि चॅनेलवर नियमभंगाचा स्ट्राइक आला, तर त्या आठवड्यात नवं काही चढवता येत नाहीच, शिवाय आधी लावून ठेवलेले व्हिडिओही प्रायव्हेट होऊन बसतात. शिक्षा संपल्यावर ते आपोआप सुटत नाहीत. प्रत्येकाची वेळ पुन्हा लावावी लागते.

थेट प्रक्षेपणालाही हेच तीन पर्याय असतात, आणि लग्नाच्या बाबतीत त्यांचा घोळ सर्वांत जास्त होतो. पत्रिकेवर लिंक किंवा क्यूआर छापायची, पाहणारे असतात सत्तरीचे काका आणि दुबईतला भाचा. प्रायव्हेट ठेवलं तर कुणालाच दिसणार नाही. पब्लिक ठेवलं तर फोटोग्राफरच्या चॅनेलवर नवरीची पाठवणी कुणीही पाहील, आणि बऱ्याच फोटोग्राफरना तेच हवं असतं, कारण त्यांची जाहिरात होते. अनलिस्टेड हवं, हे आगाऊ रक्कम देतानाच सांगावं, कारण चॅनेल त्यांचं असतं आणि नंतर तो पर्याय बदलणं तुमच्या हातात राहत नाही. पत्रिका शंभर घरांत गेलेली असते, म्हणून समारंभ संपल्यावर व्हिडिओ उतरवून घ्यावा आणि तिथला प्रायव्हेट करायला सांगावा.

पुन्हा बाईंकडे. दिवाळी पहाट पब्लिक होऊन पंधरा दिवस झालेत, लोकांनी छान म्हटलंय, आणि एका पालकांचा फोन येतो: आमच्या मुलीचं गाणं काढून टाका. कारण विचारू नये. इथे तिन्ही पर्याय लुळे पडतात, कारण ते अख्ख्या व्हिडिओला लागतात. दोन तासांतली सहा मिनिटं प्रायव्हेट करता येत नाहीत. स्टुडिओतल्या एडिटरमध्ये ट्रिम वापरून तो तुकडा मधूनच कापता येतो. लिंक, पाहणाऱ्यांची संख्या, प्रतिक्रिया सगळं राहतं, फक्त नवी प्रत तयार होईपर्यंत जुनीच दिसत राहते. म्हणून तेवढा वेळ व्हिडिओ प्रायव्हेट करून ठेवावा. समूहगीतात ती मुलगी मागच्या रांगेत उभी असेल, तर त्याच एडिटरमध्ये चेहरा धूसर करायचीही सोय आहे, पण हलत्या चेहऱ्यामागे ती पट्टी नीट फिरतेय का ते शेवटपर्यंत बसून पाहावं लागतं. पुढच्या वर्षी बाईंनी प्रत्येक गाणं वेगळं चढवावं आणि पब्लिक प्लेलिस्टमध्ये क्रमाने लावावं. मग कुणा एकीचं गाणं प्रायव्हेट केलं, तरी बाकीची पहाट वाजत राहील.